दर दोन तासांनी कूस बदलतोय, तरी आईंच्या माकडहाडावरचा लाल डाग जात नाहीये

अनुजा_कर्वेनगर | सोमवार, रात्री ११.४५

नमस्कार. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, पाच आठवड्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली आणि गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी आहे. बोलतात थोडं पण दुखतंय का विचारलं तर नीट सांगता येत नाही त्यांना. घरी आणून आज ११ दिवस झाले. डिस्चार्ज देताना दर दोन तासांनी कूस बदला एवढंच सांगितलं होतं आणि आम्ही ते खरंच पाळतोय, भिंतीवर कागद लावलाय, डावी - सरळ - उजवी असं लिहून टिक करतो. दिवसा ब्यूरोच्या मावशी असतात, रात्री मी आणि नवरा आलटून पालटून अलार्म लावून उठतो. एअरबेडही घेतलाय.

एवढं करून परवा अंघोळ घालताना मावशींनी दाखवलं, माकडहाडाच्या बरोब्बर वर दोन रुपयांच्या नाण्याएवढा लालसर काळपट डाग. आज तो जरा मोठा वाटतोय. कातडी फुटलेली नाही. मला कळतच नाहीये आम्ही कुठे चुकतोय, टिका सगळ्या आहेत कागदावर. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, आज रात्रीपण झोप लागेलसं वाटत नाही.

देशपांडे_काका | मंगळवार, सकाळी ६.१०

स्पिरिट लावून चोळा आणि वर पावडर. माझ्या वडिलांना दीड वर्ष अंथरुणात सांभाळलं, रोज सकाळ संध्याकाळ पाठीला स्पिरिट आणि टाल्कम, एक बेडसोर झाला नाही. रक्तप्रवाह वाढतो चोळल्याने. लाल भागावर जास्त वेळ चोळायचं.

विनय७६ | मंगळवार, सकाळी ८.३२

एअरबेड आहे ना मग रात्री उठायची गरजच नाही, त्यातले फुगे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, म्हणजे कूस बदलण्याचं काम मशीनच करतं. बहुतेक पंप मऊ ठेवला असेल तुम्ही, नॉब फुल्ल करा, कडक झाला की शरीर खाली दबत नाही. आम्ही तसंच केलं होतं.

सुमनताई | मंगळवार, सकाळी ९.०५

अनुजा, मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी ऑर्थोपेडिकमध्ये, आता निवृत्त आहे. आधी एक काम कर आणि मग इथे लिही. आईंना कुशीवर घे, डागावरचा भार काढ आणि अर्धा तास थांब. मग ट्यूबलाइटच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली नको, त्या डागावर बोट टेकव, एक दोन तीन म्हणेपर्यंत दाबून धर आणि उचल. बोट उचलल्यावर ती जागा क्षणभर फिकी पडून परत लाल झाली तर आतल्या केशवाहिन्यांतून रक्त अजून वाहतंय, नुसता दाब पडला होता. फिकी पडलीच नाही, लालच राहिली, तर आत इजा सुरू झालीय असं धर, कातडी अखंड दिसली तरी.

आईंचा वर्ण सावळा असेल तर हे डोळ्याला नीट दिसत नाही, आपल्याकडे इथेच फसायला होतं. मग हाताने बघायचं. बोटांच्या मागच्या बाजूने डाग आणि त्याच्या शेजारची चांगली कातडी दोन्हीला स्पर्श कर. डाग जास्त गरम लागतो का, गार लागतो का, शेजारपेक्षा टणक आहे की पिकलेल्या पेरूसारखा पिचपिचीत. यातलं काहीही वेगळं लागलं तर रंग काही का असेना, ती जागा आजारी आहे.

काका, तुमचा राग नाही, आम्हाला पण ट्रेनिंगमध्ये स्पिरिट पावडरच शिकवलं होतं आणि मी स्वतः शेकडो पाठी चोळल्यात. पण लाल पडलेल्या जागी आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चेपलेल्या असतात, त्यांना हाड आणि हाताच्या मध्ये रगडलं की त्या फुटतात. स्पिरिटने कातडी कोरडी होऊन भेगाळते. पुढे ते बंद करायला लावलं आम्हाला. वडिलांना झालं नाही ते तुम्ही दिवसातून दोनदा त्यांना पूर्ण वळवून पाठ बघत होतात म्हणून असणार.

विनय, तुमच्याबद्दल दुपारी लिहिते.

देशपांडे_काका | मंगळवार, सकाळी १०.२०

चोळायचं नाही हे मला नवीन आहे. पण शेवटचं वाक्य खरं आहे ताई, मी स्वतः बघायचो रोज.

किरण_हडपसर | मंगळवार, सकाळी ११.१५

माझ्या आजीला सेम झालं होतं, डायपरमुळे, जांघेत लाल लाल चट्टे. डॉक्टरांनी फंगसचं मलम दिलं आणि चार दिवसात गेलं. अनुजाताई तुम्ही डायपरचा ब्रँड बदलून बघा.

अनुजा_कर्वेनगर | मंगळवार, दुपारी १.३०

ताई केलं तुम्ही सांगितलं तसं. फिकं नाही पडत. मधोमध अजिबात नाही, कडेला थोडंसं पडतं असं वाटलं. आई सावळ्याच आहेत म्हणून हातानेपण बघितलं तर शेजारपेक्षा गरम लागतंय आणि थोडं घट्ट. त्यांनी तोंड वाकडं केलं हात लावल्यावर. रडूच आलं मला.

किरण, जांघेत काही नाहीये, फक्त हाडावर आहे.

सुमनताई | मंगळवार, दुपारी २.४०

रडू नकोस, ही पहिलीच पायरी आहे आणि इथून भार काढला तर बहुतेक वेळा कातडी न फुटता मागे फिरते. फोटो काढ, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे मोठा होतोय की लहान ते अंदाजाने बोलायला नको. घरी येणाऱ्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखव. जांभळा झाला, फोड आला, कातडी निघाली, वास यायला लागला किंवा ताप आला तर आठवडा नाही, त्याच दिवशी.

किरणच्या आजीचं दुखणं वेगळं होतं. ओलाव्याने होतं ते चुण्यांमध्ये, जांघेत, दोन्ही कुल्ल्यांवर पसरट, आणि चुरचुरतं. दाबाने होतं ते हाडावर, एका जागी, कडा बऱ्यापैकी समजणारं. दोन्ही एकत्रही होतात आणि मग गोंधळ होतो, कारण भिजलेली कातडी दाबाला लवकर हार खाते. म्हणून डायपर भरेपर्यंत वाट बघायची नाही, शी झाली की लगेच साध्या पाण्याने धुवून टिपून कोरडं करायचं, पुसताना घासायचं नाही, आणि झिंक असलेल्या क्रीमचा पातळ हात. पण अनुजा, तुझ्या आईंच्या डागाला क्रीमने उतार पडणार नाही. तिथे दाब कुठून येतोय ते शोधायला लागेल.

आता मला सांग, नळीतून फीड किती वेळा देता आणि तेव्हा आई कशा असतात. घड्याळासकट लिही, कागदावर जे आहे ते नको, खरं काय होतं ते.

विनय, एअरबेड दाब थोडा विभागतो एवढंच, आणि तोही नीट लावला असेल तर. हाडाखालचा भार पूर्ण निघत नाही त्याने. नॉब फुल्ल केला तर फुगे दगडासारखे होतात आणि त्यावर झोपणं म्हणजे फळीवर झोपणं. पंपावर वजनाचे आकडे असतात त्याप्रमाणे ठेवायचं. अनुजा, तुमचा नॉब कुठे आहे आणि एअरबेडच्या वर काय काय घातलंय तेही लिही.

ऋतुजा_बिबवेवाडी | मंगळवार, संध्याकाळी ५.५०

मधेच लिहितेय पण टाचा बघा प्लीज. माझ्या बाबांचा खुबा मोडला होता, ट्रॅक्शनला पाय होता, आम्ही सगळे पाठीकडे बघत राहिलो आणि टाचेकडे कुणाचं लक्षच नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी टाच जांभळी दिसली, मग रक्ताचा फोड, मग काळी खपली. चार महिने गेले त्यात. आम्हाला वाटायचं घरी आमच्याकडूनच झालं, खूप दोष दिला मी स्वतःला.

सुमनताई | मंगळवार, संध्याकाळी ७.२५

ऋतुजा, जांभळा रंग वर यायला दोन-तीन दिवस लागतात. हाडाला चिकटलेलं मांस आधी मरतं, आतून, कातडीवर ते नंतर उमटतं. तिसऱ्या दिवशी दिसलं म्हणजे बहुतेक तुम्ही घरी आणायच्या आधीच झालेलं होतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की पेशंट घरी आला की पहिल्याच तासात डोक्यापासून टाचेपर्यंत सगळी हाडं बघून फोटो काढून ठेवा आणि पुढचे तीन दिवस रोज बघा.

टाचेला एकच उपाय, टाच गादीला टेकलीच नाही पाहिजे. उशी पोटरीखाली लांबीच्या दिशेने, गुडघ्याच्या खालपासून घोट्याच्या वरपर्यंत, आणि टाच उशीच्या कडेबाहेर अधांतरी. गुडघा अगदी ताठ नको, किंचित वाकलेला. मग टाच आणि गादीच्या मधून एक कागद सरकवून बघ, अडकला नाही तर बरोबर. टाचेखाली गोल रिंग, पाण्याने भरलेले ग्लोव्ह्ज, कापसाची चुंबळ असलं काही नको. रिंगने मधला भाग सुटतो पण कडेने गोलाकार दाबला जातो आणि मधलं रक्त अजून अडतं. माकडहाडाखालीसुद्धा ती हवेची रिंग घेऊ नका, दुकानदार हमखास देतो.

अनुजा_कर्वेनगर | मंगळवार, रात्री १०.५५

खरं काय होतं ते लिहिते. सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत दर दोन तासांनी फीड, म्हणजे ९ वेळा. प्रत्येक फीडला आईंना सरळ करतो, बेडची डोक्याकडची बाजू वर, फीड द्यायला १५ मिनिटं आणि नंतर पाऊण तास तसंच ठेवतो कारण उलटी होऊन फुप्फुसात जाईल असं सांगितलंय. मग कूस. रात्री ११ ला डावी, १ ला सरळ, ३ ला उजवी, ५ ला सरळ, ६ ला पहिलं फीड. बेड वर केल्यावर त्या खाली घसरतात म्हणून दिवसातून चार-पाचदा काखेत हात घालून वर ओढतो.

एअरबेडचा नॉब नवऱ्याने फुल्लच ठेवला होता. एअरबेडवर रबराचं शीट, त्यावर गोधडी कारण त्यांना गार लागेल वाटलं, मग चादर.

सुमनताई | बुधवार, सकाळी ६.४०

सापडलं बघ. मोज माझ्याबरोबर. ९ फीड, प्रत्येकी एक तास उताणं, हे झाले ९ तास. रात्री १ ते ३ दोन तास आणि ५ ते ६ एक तास. एकूण १२. दिवसाचे निम्मे तास आई माकडहाडावर आहेत आणि दिवसभरात कुशीवर एका वेळी जेमतेम एक तास. तुमच्या टिका खोट्या नाहीत, पण तुम्ही किती वेळा वळवलं ते मोजलं, कुठल्या हाडावर किती तास गेले ते मोजलं नाही.

आणि त्या १२ पैकी ९ तास सगळ्यात वाईट अवस्थेत. डोकं वर केलं की धड खाली घसरतं, पण चादरीला चिकटलेली कातडी जागेवरच राहते. हाड एकीकडे जातं आणि कातडी दुसरीकडे, मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. नुसत्या दाबापेक्षा हा ओढा जास्त मारतो. वर ओढताना चादरीवर घासलं जातं ते वेगळंच.

आता बदल असा कर. आधी कूस, मग फीड. उताणं करायचंच नाही फीडसाठी. उजव्या नाहीतर डाव्या कुशीला हलकं कलतं ठेवून, डोक्याकडची बाजू ३० अंश वर करून फीड देता येतं, आमच्या वॉर्डात द्यायचो. फक्त डॉक्टरांना एकदा विचारून घे, गिळण्याचा आणि कफाचा त्रास किती आहे त्यावर कुणाला ४५ लागतं. फीडनंतर पाऊण तास हलवायचं नाही हे तसंच ठेव, पुढचं फीड दोन तासांनी आलं की त्याच्या आधी दुसऱ्या कुशीवर घे. म्हणजे कूस आणि फीड एकाच चक्रात बसतात, काम वाढत नाही, उलट कमी होतं.

३० अंश डोळ्याने कळत नाहीत, सगळेजण जास्तच वर करतात. बेड जिथे दुमडतो तिथपासून डोक्याच्या टोकापर्यंत टेप लाव. ७० सेंटिमीटर आलं तर टोक ३५ सेंटिमीटर वर उचललं गेलं की ३० अंश झाले, लांबीच्या निम्मं. भिंतीवर पेन्सिलने खूण करून ठेव, मावशींनापण सोपं.

मंदार_फिजिओ | बुधवार, सकाळी ९.५०

ताईंशी सहमत. दोन गोष्टी माझ्याकडून. बेडला गुडघ्याची किल्ली असेल तर डोकं वर करायच्या आधी गुडघे थोडे वर घ्या, नसेल तर मांड्यांखाली उशी, म्हणजे घसरणं बरंच थांबतं. खाली आणताना आधी डोकं, मग गुडघे. आणि डोकं वर करून झालं की खांद्यामागे हात घालून पाठ एकदा गादीपासून सुटी करा आणि परत टेकवा, ताणलेली कातडी मोकळी होते. दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरं म्हणजे काखेत हात घालून ओढणं आजपासून बंद. डावा खांदा लुळा आहे, तो सांध्यातून उतरतो आणि नंतर आयुष्यभर दुखतो. डाव्या कुशीवर झोपवायला हरकत नाही पण खांदा अंगाखाली चेपला जाऊ नये, खांद्याच्या पात्याखाली हात घालून पुढे काढून ठेवा, हाताला धरून ओढू नका. त्या बाजूला संवेदना कमी म्हणून तिथे वेळ जरा कमी द्या.

सुमनताई | बुधवार, सकाळी ११.३०

बरोबर. सरकवायला आईंची जुनी मऊ सुती नऊवारी असेल तर ती चार पदरी घडी करून खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत आडवी अंथरा. दोघांनी दोन बाजूंनी कडा अंगाजवळ गुंडाळून धरायच्या आणि उचलून न्यायचं, फरफटवायचं नाही. एकट्याने वर सरकवायचं नाहीच, थांबायचं दुसरा येईपर्यंत. सरकवून झालं की तिची घडी अंगाखालून काढून घ्यायची.

कलतं म्हणजे किती ते सांगते, कारण इथे पण चूक होते. पूर्ण कुशीवर, म्हणजे बाजूला काटकोनात झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथे मांस नसतं, माकडहाड वाचवून खुबा जायचा. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत एक लांब उशी किंवा लोड लावायचा आणि त्यावर त्यांना रेलून ठेवायचं, शरीर साधारण तीस अंशच वळलेलं. भार कुल्ल्याच्या मांसल भागावर येतो. मग तुझा हात माकडहाडाखाली घाल, हात सहज आत-बाहेर झाला पाहिजे. नंतर खालच्या बाजूच्या खुब्याखाली घाल, तिथेही हाड टोचायला नको. दोन्ही पास झालं तरच कागदावर टिक. दोन गुडघ्यांच्या आणि दोन घोट्यांच्या मध्ये उशी.

एअरबेडवरून रबर आणि गोधडी दोन्ही काढ, फक्त एक पातळ चादर, ताणून न खोचता सैल. गार लागत असेल तर पांघरूण वरून घाला, खालून नको. नॉब त्यांच्या वजनावर आण. मग आई झोपलेल्या असताना एअरबेड आणि खालच्या गादीच्या मध्ये माकडहाडाच्या रेषेत तळहात वर करून हात सरकव. वर जवळजवळ एक इंच हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर त्या एअरबेडचा उपयोग शून्य.

अनुजा_कर्वेनगर | बुधवार, रात्री १०.१५

सगळं केलं. डॉक्टरांना फोन केला, ३० चालेल म्हणाले, खोकला आला तर थांबवा. हात घालून बघितला तर गोधडी काढायच्या आधी आणि नंतर जमीन अस्मानाचा फरक. मावशींना भिंतीवरची खूण फार आवडली. टाचा बघितल्या, उजवी ठीक, डावी थोडी लाल होती पण दाबल्यावर फिकी पडली. वजन विचाराल म्हणून सांगते, ४८ किलो, आधी ५५ होत्या.

सुमनताई | बुधवार, रात्री १०.४०

सात किलो गेले म्हणजे हाडावरचं अस्तरच गेलंय. फीडमध्ये काय देता, दूध आणि भाताची पेज एवढंच असेल तर प्रोटीन कमी पडतंय. ४८ किलोला रोज ६० ग्रॅमच्या आसपास लागतं अशा वेळी, पण किडनीचा रिपोर्ट दाखवून डाएटिशियनकडून ठरवून घे, स्वतःहून पावडरी सुरू करू नको.

विनय७६ | गुरुवार, सकाळी ११.०५

सुमनताई, आमच्या काकांना एअरबेडवर फुल्ल नॉबवरच ठेवलं होतं, त्यांना शेवटी बेडसोर झालाच होता. आम्ही मशीन खराब म्हणून बदलून आणलं. हे वाचून आता लक्षात येतंय. अनुजा, मी चुकीचं सांगितलं, सॉरी.

अनुजा_कर्वेनगर | गुरुवार, दुपारी २.२०

आज गुरुवार, लाईट गेलीये सकाळी ११ पासून, एअरबेड सपाट झाला!! काय करू? उताणं ठेवलेलं नाहीये.

सुमनताई | गुरुवार, दुपारी २.३०

घाबरू नको. पंप बंद म्हणजे ती प्लॅस्टिकची दोन थरांची चादर उरली, खालची गादी चांगल्या फोमची आहे ना, मग आज लाईट येईपर्यंत एअरबेड नाहीच असं समजून एक ते दीड तासाने वळवा. कापूस दबून सतरंजी झालेली गादी असेल तर मात्र अजून लवकर. पुढच्या गुरुवारसाठी पंपापुरता छोटा इन्व्हर्टर मिळतो का बघा, पंपाला वीज फार कमी लागते.

अनुजा_कर्वेनगर | शनिवार, रात्री ९.००

चौथा दिवस. फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले, डाग वाढलेला नाही, कडा आत आल्यात. गरमपणा गेलाय. दाबल्यावर कडेने बऱ्यापैकी फिका पडतो, मध्ये अजून नाही. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले असंच चालू ठेवा, वर काही लावू नका.

एक विचारायचंय. रात्री ११, १, ३, ५ चार वेळा उठणं आम्हाला दोघांना झेपत नाहीये, नवऱ्याला सकाळी चाकणला जायचं असतं. रात्री तीन तासांनी चालेल का? आईंचीपण झोप मोडते, चिडतात.

मंदार_फिजिओ | शनिवार, रात्री ९.४०

माझ्या मते चालेल. दोन तास हा आकडा जुना आहे, चांगला फोम किंवा नीट लावलेला एअरबेड असेल तर बऱ्याच ठिकाणी चार तासांपर्यंतही ठेवतात. काळजी घेणारा माणूस कोसळला तर दोन तासांचं वेळापत्रक कागदावरच राहतं.

सुमनताई | शनिवार, रात्री १०.१०

मंदार, मला इतक्यात पटत नाही. चार तास ज्यांची कातडी अखंड आणि निरोगी आहे त्यांच्यासाठी ठीक. इथे मध्यभाग अजून फिका पडत नाहीये आणि वजन ४८. हा डाग पूर्ण जाईपर्यंत मी दोनच ठेवीन.

मंदार_फिजिओ | शनिवार, रात्री १०.२५

पण रात्री फीड नाही, डोकं जवळजवळ सपाट, म्हणजे ओढा नाही. आणि उताणं तर आता करतच नाहीत, डागावर रात्रभर भार शून्य आहे. तीन तासांत नवीन जागा खराब होते का हाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्या कातडीकडूनच मिळेल ना.

सुमनताई | शनिवार, रात्री १०.५०

तेवढं मान्य. मग असं करा, एकदम चार नाही आणि सगळी रात्रही नाही. फक्त १ ते ४ हा एक टप्पा तीन तासांचा करून बघ. ४ ला वळवलं की ज्या बाजूवर त्या होत्या तिथला कुल्ला, खुबा, बाहेरचा घोटा, कानाची पाळी बघ. लाल असेलच थोडं, ते चालतं. अर्ध्या तासात तो लालपणा गेला तर तीन तास त्यांना झेपतात. अर्ध्या तासानंतरही राहिला किंवा दाबून फिका पडला नाही तर परत दोनवर. अजून अर्धा तास जागं राहायला लागेल त्या रात्री, त्याला इलाज नाही. डाव्या बाजूवर हा प्रयोग करू नको, फक्त उजवीवर.

ऋतुजा_बिबवेवाडी | रविवार, सकाळी ८.१५

कान बघायचा हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि अनुजा, कॅथेटर आहे का? बाबांच्या मांडीखाली नळी दबून तिचा चर उमटला होता.

अनुजा_कर्वेनगर | रविवार, दुपारी १२.३०

कॅथेटर नाही, डायपर आहे. पण हे वाचून नाकातली नळी बघितली तर नाकपुडीच्या कडेला जिथे चिकटपट्टी आहे तिथे बारीकशी लाल रेघ!

काल रात्रीचं: १ ला उजवीवर घेतलं, ४ ला वळवून बघितलं. कुल्ला गुलाबी होता, ४.२० ला गेला. खुबा ठीक. पण उजव्या बाहेरच्या घोट्यावर लाल ठिपका होता तो ४.३५ ला अजून होता, दाबल्यावर फिका पडला मात्र.

सुमनताई | रविवार, दुपारी १.१०

नळी रोज चिकटपट्टी बदलताना थोडी वेगळ्या कोनात चिकटव, एकाच बाजूला नाकपुडीवर खेचलेली नको. नळी आत-बाहेर करायची नाही, खूण कुठे आहे ती बघून ठेव.

घोट्याचं, उशी कुठे होती? गुडघ्यांमध्ये होती की खाली पायापर्यंत पोचली होती?

अनुजा_कर्वेनगर | रविवार, दुपारी १.२५

गुडघ्यांमध्येच. छोटी उशी आहे, घोट्यापर्यंत पुरत नाही. खालचा पाय गादीला लागलेला होता.

सुमनताई | रविवार, दुपारी १.३०

मग अजून तीन तासांना दोष देऊ नको. आज खालच्या पोटरीखाली पण उशी दे, घोटा अधांतरी, आणि वरच्या पायाला लांब उशी, गुडघ्यापासून पावलापर्यंत. बाकी सगळं कालच्यासारखंच ठेवून परत १ ते ४ कर. एका रात्री एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं कळत नाही. तरीही घोटा लाल राहिला तर मी म्हणते ते दोन तास.

मंदार_फिजिओ | रविवार, दुपारी २.००

हो, तसं झालं तर मीही दोनच म्हणेन.

अनुजा_कर्वेनगर | रविवार, रात्री ११.०५

हॉलमधला लांब लोड आणलाय पायासाठी, कव्हर बदलून. आत्ता डाव्या कुशीला ठेवल्यात, हात घालून बघितला, माकडहाड मोकळं आहे. १ चा अलार्म माझा, ४ चा नवऱ्याचा. सकाळी घोट्याचा फोटो बघून लिहिते.